ब्रोमोबेंझीन आणि पाणी: 95 अंशांचं गणित

प्रश्न: ब्रोमोबेंझीन 156 ला उकळतं, पाणी 100 ला. मग दोन्ही मिळून मध्ये कुठेतरी, 120-130 ला उकळायला हवं ना? पुस्तकात 95.3 दिलंय आणि आमच्या पुण्याच्या लॅबमध्ये थर्मामीटर 93-94 च दाखवत होता. शिवाय सर म्हणाले की वाफेत 84 टक्के पाणी असतं, पण मेजरिंग सिलिंडरमध्ये ब्रोमोबेंझीनचा थर अर्ध्याहून जास्त भरला. थर्मामीटर बिघडलाय की आमचं काही चुकलं?

उत्तर:

थर्मामीटर ठीक आहे, सरांचा आकडा बरोबर आहे आणि सिलिंडरमध्ये दिसलं तेही बरोबर आहे. तुम्ही केलंत ते स्टीम डिस्टिलेशन, म्हणजे पदार्थ पाण्याच्या वाफेसोबत उडवून वेगळा काढणं, आणि या तिन्ही गोष्टी त्याच्या एकाच हिशेबातून निघतात. आधी तो हिशेब मांडतो, मग लॅबमध्ये तो कुठे बिघडतो ते सांगतो.

द्रव उकळतो म्हणजे त्याच्या आत तयार झालेला वाफेचा बुडबुडा टिकतो. बाहेरची हवा त्या बुडबुड्याला सतत दाबत असते. आतल्या वाफेचा दाब हवेच्या दाबाला पुरा पडला की बुडबुडा फुगत वर येतो, नाहीतर तिथल्या तिथे जिरतो. मुंबईत, म्हणजे समुद्रसपाटीला, हवेचा दाब साधारण 760 मिमी (पाऱ्याचे मिलिमीटर) असतो. पाण्याचा बाष्पदाब 100 अंशांना 760 होतो आणि ब्रोमोबेंझीनचा 156 अंशांना, म्हणून त्यांचे उत्कलनांक ते. पण बुडबुड्याच्या आत एकाच पदार्थाची वाफ असली पाहिजे अशी अट कुठेही नाही. हवेला फक्त एकूण दाबाशी मतलब असतो.

आता पाणी आणि ब्रोमोबेंझीन एका फ्लास्कमध्ये घ्या. ते एकमेकांत जवळपास मिसळत नाहीत. ब्रोमोबेंझीन जड, घनता 1.495, त्यामुळे ते तळाशी बसतं आणि वर पाणी राहतं. ब्रोमोबेंझीनच्या थरातल्या रेणूभोवती सगळे ब्रोमोबेंझीनचेच रेणू आहेत. शेजारी पाणी आहे याची त्याला गंधवार्ता नाही. त्याला द्रवातून निसटून वाफेत जायला जेवढी ओढ शुद्ध ब्रोमोबेंझीनमध्ये असते, तेवढीच इथेही असते. पाण्याच्या रेणूचंही तसंच. म्हणून दोन्ही थर आपापला पूर्ण बाष्पदाब देतात आणि दोन्ही थरांना लागून असलेल्या वाफेतला एकूण दाब ही त्यांची साधी बेरीज असते. हा डाल्टनचा नियम.

वर्गणीसारखं आहे हे. 760 ची रक्कम भरायची आहे. पाण्याला एकट्याने भरायची तर 100 अंशांपर्यंत तापावं लागतं. सोबत दुसऱ्या कोणी थोडे दिले, तर पाण्याला पूर्ण 760 काढायची गरज उरत नाही आणि तेवढं तापायचीही नाही. दुसरा किती गरीब आहे याने फरक पडत नाही. त्याने दहा दिले तरी पाण्याचे दहा वाचतातच. म्हणून एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांचं मिश्रण नेहमी दोघांपैकी जो लवकर उकळतो त्याच्याही खालीच उकळतं. जोडीदाराचा उत्कलनांक 156 असो की 250, उत्तर 100 च्या खालीच येणार. फक्त किती खाली, ते त्याच्या दाबावर ठरतं.

आकडे घालून पाहू. 90 अंशांना पाण्याचा बाष्पदाब 526 मिमी आणि ब्रोमोबेंझीनचा 98, बेरीज 624. अजून कमी पडतात. 94 अंशांना 611 आणि 114, बेरीज 725. 96 अंशांना 658 आणि 122, बेरीज 780, म्हणजे 760 च्या पुढे गेलो. मध्ये 95.3 ला पाणी 641 आणि ब्रोमोबेंझीन 119 देतं, बेरीज बरोबर 760. पुस्तकातला 95.3 इथून आला. परीक्षेत हाच प्रश्न आलेखावर विचारतात. दोन्हींच्या बाष्पदाबाच्या रेषा काढायच्या, त्यांच्या बेरजेची तिसरी रेषा काढायची आणि ती 760 ची आडवी रेषा कुठे ओलांडते ते वाचायचं.

सरासरीची अपेक्षा कुठून येते तेही सांगतो, कारण ती अगदीच निराधार नाही. बेंझीन आणि टोल्यूईनसारखे एकमेकांत पूर्ण विरघळणारे द्रव असतील, तर मिश्रणाचा उत्कलनांक खरोखरच दोघांच्या मध्ये पडतो. तिथे राऊल्टचा नियम चालतो. एकाच द्रावणात दोघे मिसळले की प्रत्येकजण दुसऱ्याला पातळ करतो आणि आपल्या मोल-अंशाच्या प्रमाणातच दाब देतो. समजा पाणी आणि ब्रोमोबेंझीन आदर्शपणे मिसळत असते आणि दोघांचे मोल सारखे असते, तर 95.3 अंशांना दाब भरला असता 641 च्या निम्मा अधिक 119 च्या निम्मा, म्हणजे जेमतेम 380. ते उकळलंच नसतं. म्हणजे स्टीम डिस्टिलेशन चालतं ते दोघे मिसळत नाहीत म्हणूनच, मिसळत नसूनही नव्हे.

पुण्याचा आकडा आता सोपा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे आणि तिथे हवेचा दाब 710 मिमीच्या आसपास असतो. म्हणजे तिथे 760 भरायचेच नाहीत, 710 भरले की झालं. 93.5 अंशांना पाणी 600 च्या जवळ आणि ब्रोमोबेंझीन 111-112 देतं, बेरीज 711. तुमच्या थर्मामीटरने 93-94 दाखवलं ते इतकं चोख आहे की मला तुमच्या लॅबचं कौतुक वाटतं. खात्री करायची असेल तर त्याच थर्मामीटरने नुसतं पाणी उकळून बघा, 98 च्या आसपास दिसेल. जर्नलमध्ये पुस्तकातलं 95.3 उतरवून काढू नका. जे दिसलं ते लिहा आणि शेजारी त्या दिवशीचा बॅरोमीटरचा दाब लिहा.

आता वाफेत कोण किती. वायूंच्या मिश्रणात ज्याचा दाब जितका, त्याचे रेणू तितके. 760 पैकी पाण्याचे 641, म्हणजे 84 टक्के रेणू पाण्याचे आणि उरलेले 16 टक्के ब्रोमोबेंझीनचे. सरांनी सांगितलेला आकडा रेणूंचा आहे, वजनाचा नाही. गोम इथे आहे. पाण्याचा मोल 18 ग्रॅमचा आणि ब्रोमोबेंझीनचा 157 ग्रॅमचा. ब्रोमोबेंझीनचा एक रेणू पाण्याच्या जवळजवळ नऊ रेणूंच्या वजनाचा आहे. म्हणून वजनाचं प्रमाण काढताना दाबाला रेणुभाराने गुणावं लागतं:

```
m(B) / m(W) = (p(B) × M(B)) / (p(W) × M(W))
            = (119 × 157) / (641 × 18)
            = 1.62
```

म्हणजे कंडेन्सरमधून पडणाऱ्या दर 1 ग्रॅम पाण्यासोबत 1.62 ग्रॅम ब्रोमोबेंझीन येतं. वजनाने जवळपास 62 टक्के. रेणूंच्या मोजणीत पाण्याने बाजी मारली, पण वजनात ब्रोमोबेंझीन पुढे गेलं.

सिलिंडरमध्ये मात्र तुम्ही वजन पाहत नाही, आकारमान पाहता. 1.62 ग्रॅमला घनता 1.495 ने भागलं की 1.08 मिली येतं. म्हणजे दर 1 मिली पाण्यामागे 1.08 मिली ब्रोमोबेंझीन. 20 मिली डिस्टिलेट गोळा केलं तर खालचा थर साधारण 10.4 मिली आणि वरचा 9.6 मिली दिसायला हवा. तुम्हाला "अर्ध्याहून जास्त" दिसलं ते हेच. खालचा थर वरच्यापेक्षा थोडासाच मोठा, इतकाच.

मोलाचा हा हिशेब लक्षात आला की स्टीम डिस्टिलेशनसाठी पाणीच का, हेही कळतं. पाणी स्वस्त आहे वगैरे ठीक, पण वाहक म्हणून त्याची खरी ताकद त्याच्या हलक्या रेणूत आहे. त्याने दाबाची मोठी वर्गणी भरली तरी वजन फारसं वाढत नाही. त्याच्या जागी 90 रेणुभाराचा एखादा न मिसळणारा द्रव असता, तर तेवढ्याच दाबाला पाचपट वजनाचा वाहक उकळून गोळा करावा लागला असता.

पुण्याला वजनाचं प्रमाण किती बदलतं? 111.5 भागिले 599, गुणिले 157 भागिले 18. पुन्हा 1.62 च येतं. तापमान जवळपास दोन अंशांनी उतरलं, पण या भागात दोन्हींचे दाब जवळजवळ एकाच गतीने घटतात, त्यामुळे गुणोत्तर जागच्या जागी राहतं. हे सगळ्या पदार्थांना लागू नाही, पण ब्रोमोबेंझीनच्या बाबतीत मुंबईच्या आणि पुण्याच्या सिलिंडरमध्ये फरक दिसणार नाही.

या हिशेबात एक गोष्ट कुठेच आली नाही, ती तुमच्या लक्षात आली का बघा: फ्लास्कमध्ये कोण किती आहे. ब्रोमोबेंझीन 100 ग्रॅम असो की 5 ग्रॅम, बाष्पदाब तेवढाच. थर जाड आहे म्हणून तो जास्त दाब देत नाही. जोपर्यंत दोन्ही थर शिल्लक आहेत, तोपर्यंत तापमान तेच आणि वाफेचं प्रमाणही तेच. फेज रूलच्या भाषेत सांगायचं तर घटक दोन, प्रावस्था तीन (दोन द्रव थर आणि वाफ), म्हणून मोकळीक उरते एकच. ती हवेच्या दाबाने घेतली की तापमान ठरून जातं. ब्रोमोबेंझीनचा शेवटचा थेंब संपला की मात्र त्याची वर्गणी बंद होते आणि थर्मामीटर पाण्याच्या उत्कलनांकाकडे चढतो. पुण्यात 93.5 वरून 98 च्या दिशेने. डिस्टिलेशन संपल्याची ही एक खूण. दुसरी खूण कंडेन्सरमध्येच दिसते. ब्रोमोबेंझीन येतंय तोवर ठिपकणारं पाणी दुधाळ असतं, त्यात बारीक थेंब तरंगताना दिसतात. ते काचेसारखं स्वच्छ झालं की पुढे नुसतं पाणी येतंय असं समजावं. मी विद्यार्थ्यांना टेस्ट ट्यूबमध्ये शेवटचे दोन-तीन मिली वेगळे घेऊन उजेडासमोर धरायला सांगतो. थर्मामीटरपेक्षा हे जास्त भरवशाचं, कारण थर्मामीटर पुढे सांगतोय त्या कारणांनीही वर चढतो.

कागदावरचं 1.62 प्रत्यक्षात क्वचितच शेवटपर्यंत टिकतं. पहिलं कारण वाफेचा वेग. सगळा हिशेब असं धरून चालतो की वाफ फ्लास्कमधून बाहेर पडताना दोन्ही द्रवांशी पुरती भिडली आहे आणि ब्रोमोबेंझीनच्या वाफेने संपृक्त झाली आहे. घाईत स्टीम कॅनचा बर्नर मोठा केला, तर वाफेचे मोठे बुडबुडे तळातून फटकन वर निघून जातात. त्यांना ब्रोमोबेंझीन उचलायला वेळच मिळत नाही. मग वाफेत पाणी जास्त येतं, थर्मामीटर अंश-दोन अंश वर दाखवतो आणि खालचा थर बारीक होतो. स्टीमच्या नळीचं तोंड फ्लास्कच्या तळाजवळ हवं ते याचसाठी, विशेषतः ब्रोमोबेंझीनसारखा जड द्रव तळाशी बसलेला असताना. नळी अर्ध्यावर सोडली तर वाफ वरच्या पाण्यातूनच जाते आणि खालचा थर निवांत पडून राहतो. स्टीम न सोडता फ्लास्क नुसता खालून तापवला, तर बुडबुडे दोन थरांच्या सीमेवर सुटतात, कारण दोघांची वाफ एकत्र मिळण्याची जागा तीच. अशा वेळी ते उसळ्या मारतं. आत येणारी वाफ हे ढवळण्याचं काम आपोआप करते.

दुसरं कारण तुमच्या कच्च्या मालात असतं. बेंझीनवर लोखंडाच्या उपस्थितीत ब्रोमिन घालून ब्रोमोबेंझीन केलं असेल, तर सोबत थोडं पॅरा-डायब्रोमोबेंझीन झालेलंच असतं. त्याचा उत्कलनांक 219 च्या आसपास, वितळणबिंदू 87-89. ते पाण्यात विरघळत नाही, पण ब्रोमोबेंझीनमध्ये छान विरघळतं. म्हणजे खालच्या थराच्या आत आता राऊल्टचा नियम लागू होतो. सुरुवातीला ब्रोमोबेंझीन भरपूर असतं तेव्हा हे जाणवत नाही. ते निघून जातं तसतसा उरलेल्या थरात डायब्रोमोचा वाटा वाढतो. समजा त्या थरातले निम्मे मोल डायब्रोमोचे झाले. ब्रोमोबेंझीन आता आपल्या दाबाच्या निम्माच देतं. डायब्रोमोचा स्वतःचा छोटा दाब सोडून दिला, तर समुद्रसपाटीला 97.5 अंशांपर्यंत जावं लागतं: पाणी 695, ब्रोमोबेंझीन 65. वजनाचं प्रमाण 65 × 157 भागिले 695 × 18, म्हणजे 0.8 च्या आसपास. तापमान दोनच अंश चढलं, पण ब्रोमोबेंझीनचा ओघ निम्म्यावर आला. शुद्ध ब्रोमोबेंझीन असतं तर थर्मामीटर शेवटपर्यंत ठाम राहून मग एकदम चढला असता. तो हळूहळू सरकत असेल तर खालचा थर एकाच पदार्थाचा नाही असं समजावं.

या दोन कारणांपैकी नेमकं कोणतं, हे ओळखायची पद्धत साधी आहे. 20 मिली डिस्टिलेट सिलिंडरमध्ये घ्या. समजा खालचा थर 6 मिलीच आला. त्याचं वजन साधारण 9 ग्रॅम, पाणी 14 ग्रॅम, म्हणजे प्रमाण 0.64. आता स्टीमचा वेग निम्मा करा, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या आणि दुसऱ्या सिलिंडरमध्ये पुन्हा 20 मिली घ्या. खालचा थर 10 मिलीच्या आसपास परत आला, तर दोष वेगाचा होता. तो 6 वरच अडून राहिला, तर खालच्या थरात दुसरं काहीतरी साचलंय आणि वेग कमी करून उपयोग नाही. आकडे डोळ्यांपुढे मांडून बघितल्याशिवाय या दोन गोष्टी सारख्याच दिसतात, दोन्हींत थर्मामीटर वर चढतो.

डायब्रोमोबेंझीन येऊ लागल्याची खूण मात्र चुकत नाही. कंडेन्सरच्या आतल्या भिंतीवर पांढरे स्फटिक दिसू लागतात, कारण थंड काचेवर ते गोठतं. ते दिसले की लगेच रिसीव्हर बदला. पहिल्या रिसीव्हरमध्ये तुमचं ब्रोमोबेंझीन आहे, पुढच्यात घाण. स्फटिक साचून कंडेन्सर बंद होण्याच्या बेतात आला, तर थंड पाण्याचा नळ थोडा वेळ बंद करा, काच तापते आणि स्फटिक वितळून खाली उतरतात. सगळं मोकळं झालं की नळ हळूहळू पुन्हा सुरू करा, तापलेल्या कंडेन्सरमध्ये एकदम गार पाणी सोडलं तर काच तडकते. कंडेन्सर तुंबला असताना स्टीम चालू ठेवणं धोक्याचं आहे. म्हणूनच स्टीम कॅनला लांब उभी सेफ्टी ट्यूब असते. तिच्यातलं पाणी चढू लागलं की पुढे कुठेतरी अडलंय हे नक्की.

पूर्ण हिशेब एकदा करून टाकू. कच्च्या मालात 50 ग्रॅम ब्रोमोबेंझीन आहे असं धरा. ते सगळं बाहेर काढायला कागदावर 50 भागिले 1.62, म्हणजे 31 ग्रॅम पाणी वाफेतून यायला हवं. डिस्टिलेट होईल 33 मिली ब्रोमोबेंझीन आणि 31 मिली पाणी. प्रत्यक्षात 31 मिली पाण्यावर थांबलात तर नुकसान होईल, कारण शेवटचा भाग 1.62 ने येत नाही, डायब्रोमोमुळे 0.8 आणि त्याहूनही कमी प्रमाणाने येतो. म्हणून पाण्याच्या आकड्यावर न थांबता दुधाळपणावर किंवा स्फटिकांवर थांबायचं.

फ्लास्कमधलं पाणीही वाढत जातं, त्याची तयारी ठेवा. आत येणारी वाफ आधी फ्लास्क आणि त्यातला माल तापवताना थिजते आणि नंतर ब्रोमोबेंझीनला वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता देतानाही थिजते. म्हणून सुरुवातीला फ्लास्क एक-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका आणि खालून छोट्या ज्योतीवर किंवा मँटलवर गरम ठेवा. एक गैरसमजही इथेच दूर होतो. स्टीम डिस्टिलेशनने इंधन वाचतं असं बरेचजण लिहितात. 1 ग्रॅम ब्रोमोबेंझीनची वाफ करायला 260 ज्यूलच्या आसपास लागतात, पण त्याच्यासोबत जी 0.62 ग्रॅम पाण्याची वाफ न्यावी लागते तिला 1400 ज्यूल लागतात. उष्णता जास्तच खर्च होते, वाचतं ते तापमान. 156 पर्यंत तापवलं असतं तर ज्याचा डांबर झाला असता किंवा जे विघटित झालं असतं, ते 95 ला सुखरूप बाहेर येतं. शिवाय मीठ, लोखंडाचा गाळ, डांबर असं न उडणारं सगळं मागेच राहतं. ब्रोमोबेंझीन स्वतः 156 ला काही बिघडत नाही, म्हणून इथे खरा उपयोग मागे राहणाऱ्या घाणीपासून सुटका हाच.

बंद करतानाचा क्रम तोंडपाठ हवा. आधी स्टीम कॅन आणि फ्लास्क यांच्यामधला क्लिप उघडा किंवा नळी सोडवा, मगच बर्नर बंद करा. उलट केलंत तर कॅनमधली वाफ थिजते, आत पोकळी होते आणि फ्लास्कमधला सगळा माल उलटा कॅनमध्ये ओढला जातो. सगळी मांडणी फ्यूम हूडमध्ये हवी, ब्रोमोबेंझीनची वाफ नाकातोंडात जाऊ देऊ नये.

मिळालेला खालचा थर सेपरेटिंग फनेलमधून काढा, निर्जल कॅल्शियम क्लोराइडवर सुकवा आणि साधं डिस्टिलेशन करून 154 ते 157 चा भाग घ्या. सुकवण अपुरी राहिली, तर पहिले थेंब 156 ला न येता 95 च्या आसपास, तेही ढगाळ येतात. उरलेलं पाणी ब्रोमोबेंझीनला घेऊन आपल्याच नियमाने बाहेर पडत असतं. ते थेंब बाजूला काढून टाका.

हाच हिशेब सगळीकडे इतका चोख बसेल असं धरू नका. ब्रोमोबेंझीन पाण्यात नगण्य विरघळतं म्हणून इथे बेरीज चालते. ॲनिलीनचं बघा. शुद्ध बेरजेने ॲनिलीन आणि पाणी 98.4 अंशांना उकळायला हवं, पाण्याचे 717 आणि ॲनिलीनचे 43. वजनाचं प्रमाण येतं 0.31, म्हणजे 1 ग्रॅम ॲनिलीनला सव्वातीन ग्रॅम पाणी. पण ॲनिलीन थंड पाण्यातही 100 मिलीला साडेतीन ग्रॅमच्या आसपास विरघळतं, गरम पाण्यात अजून जास्त, आणि ॲनिलीनच्या थरातही पाणी शिरतं. दोन्ही थर एकमेकांमुळे थोडे पातळ झाल्याने दोघांचाही दाब शुद्ध द्रवापेक्षा थोडा कमी पडतो, म्हणून प्रत्यक्षातलं तापमान आणि प्रमाण या आकड्यांपासून सरकतं. त्याहून मोठा फटका रिसीव्हरमध्ये बसतो. गोळा झालेल्या पाण्यात बरंच ॲनिलीन विरघळून राहतं. 300 मिली पाणी आलं असेल तर दहा-अकरा ग्रॅम ॲनिलीन त्यात दिसेनासं झालेलं असतं. ते काढायला दर 100 मिलीला 20-25 ग्रॅम मीठ घालून ढवळायचं आणि मग ईथरने उतरवून घ्यायचं. नायट्रोबेंझीनपासून कथील आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने ॲनिलीन केलं असेल, तर स्टीम सोडण्याआधी मिश्रण कॉस्टिकने पुरतं अल्कधर्मी करणं विसरू नका. आम्लात ते ॲनिलिनियम क्षार होऊन बसतं. क्षाराला बाष्पदाब नाही, त्यामुळे तास-दोन तास स्टीम सोडली तरी कंडेन्सरमधून स्वच्छ पाणीच येत राहतं. थर्मामीटर थेट पाण्याच्या उत्कलनांकावर दिसला आणि थेंब दुधाळ नसले, की पहिल्यांदा लिटमस लावून बघा.

कोणता पदार्थ असा निघेल, याचा अंदाज त्याच्या 100 अंशांजवळच्या बाष्पदाबावरून बांधता येतो. साधारण 5 मिमी ही व्यवहारातली खालची मर्यादा मानतात. 150 रेणुभाराच्या पदार्थाचा दाब 5 असेल, तर 5 × 150 भागिले 755 × 18, म्हणजे 100 ग्रॅम पाण्यामागे साडेपाच ग्रॅम. चालतं, पण बादलीभर पाणी गोळा करावं लागतं. दाब 1 मिमी असेल तर 100 ग्रॅम पाण्यामागे जेमतेम 1 ग्रॅम. अशा वेळी अतितप्त वाफ वापरतात आणि फ्लास्कही 100 च्या वर गरम ठेवतात, म्हणजे आत पाण्याचा थर साचत नाही. मग तापमान दोन थरांच्या बेरजेने ठरत नाही, ते आपल्या हातात येतं आणि पदार्थाचा दाब हवा तसा वाढवता येतो. पण पाण्याची वाफ आता फक्त वाहक असते, तिचा दाब म्हणजे हवेच्या दाबातून पदार्थाचा दाब वजा केला की जे उरतं ते. वजनाच्या प्रमाणाचं सूत्र तेच, p(W) च्या जागी हा उरलेला दाब घालायचा.